मधला परिच्छेद

"पोस्टमध्ये एक ओळ घाला सर," आप्पासाहेब म्हणाले. "माझ्यानंतर शाळेची धुरा आमचे तरुण सहकारी माने सर समर्थपणे सांभाळतील, अशी काहीतरी. तुमच्या भाषेत."

मी अजून निरोपाची पोस्ट लिहायलाही घेतली नव्हती. तीस मेची सकाळ होती, मी त्यांच्या बंगल्यावर चहा पीत बसलो होतो आणि दुसऱ्या दिवशी निवृत्त होणार होतो. आप्पासाहेब आमच्या संस्थेचे अध्यक्ष. मी त्याच संस्थेच्या एकुलत्या एक मोठ्या शाळेत तेहतीस वर्षं काढलेली. एकतीस मराठी शिकवण्यात आणि शेवटची दोन मुख्याध्यापकाच्या खुर्चीत. माने सर हे आमचे पी. टी. चे शिक्षक आणि आप्पासाहेबांचे जावई. गावात हीच ओळख उलट्या क्रमानं सांगतात.

"पण साहेब, यादीत लोहार बाई वर आहेत," मी म्हणालो. बोललो हळूच, कारण माझं पेन्शनचं प्रकरण त्यांच्याच टेबलावर सहीला पडलं होतं.

आमच्यासारख्या अनुदानित शाळेत मुख्याध्यापक कोण व्हायचा हे सेवाज्येष्ठतेची यादी ठरवते. दरवर्षी ती निघते, शिक्षक तिच्यावर सह्या करतात आणि विसरून जातात. माझ्या खाली सुमन लोहार बाई होत्या, गणित-विज्ञान, अठ्ठावीस वर्षं नोकरी, चार शिल्लक. त्यांच्या खाली एकदम माने सर, कारण मधली बरीच वर्षं भरतीच बंद होती. बाईंना ओलांडून मान्यांना बसवायचं तर एकच वाट होती. बाईंनी स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं की मला हे पद नको. त्याला नकारपत्र म्हणतात. ते आलं की शिक्षणाधिकारी पुढच्या नावाला मान्यता देतात.

"बाई नकार देतायत," आप्पासाहेब म्हणाले.

"असं त्या म्हणाल्या?"

"उद्या पाच वाजता ऑफिसला बोलावलंय, तेव्हा म्हणतील. तुम्ही फक्त कच्चा मजकूर लिहून त्यांच्याकडे पोचवा. त्या आपल्या अक्षरात उतरवतील नि सही करतील. नाहीतर डोंगरावरच्या शाखेत गणिताला माणूस नाहीच आहे." शेवटचं वाक्य ते माझ्याकडे न बघता बिस्किटाकडे बघून म्हणाले. डोंगरावरची शाखा म्हणजे चाळीस किलोमीटर आणि दिवसातून दोन एस. टी.

आता मी काय केलं ते सांगायला मला आजही जड जातं. मी मजकूर लिहिला. तिथंच, त्यांच्याच पॅडवर. "कौटुंबिक अडचणींमुळे मी सदर पदाची जबाबदारी स्वीकारण्यास असमर्थ असून, हा निर्णय मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय घेत आहे." दोन मिनिटं लागली. सवयच तशी.

कारण त्या शाळेत मी तेहतीस वर्षं दुसऱ्यांचंच लिहीत आलो होतो. मराठीचा शिक्षक म्हणजे संस्थेचा फुकटचा लेखनिक. मानपत्रं, श्रद्धांजल्या, पाहुण्यांचा परिचय. मोबाइल आल्यावर त्यात निरोपाच्या पोस्टची भर पडली. आमच्या शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मोठा. शिक्षक, संचालक, माजी विद्यार्थी, शिक्षण विस्तार अधिकारी, सगळे मिळून सहाशेच्या वर. निवृत्त होणाऱ्यानं शेवटच्या दिवशी त्यावर स्वतःची पोस्ट टाकायची अशी पद्धत पडली, आणि ती स्वतःची पोस्ट मी लिहायची अशीही पडली. चौदा जणांच्या लिहिल्या. मुलांना बडवणारे ते शिस्तप्रिय. वर्गावर न जाणारे ते मितभाषी. दर दोन वर्षांनी भांडून विषय बदलून घेणारे ते अष्टपैलू. आमच्यातले निम्मे लोक एक जूनला जन्मलेले, कारण आमच्या आईबापांनी शाळेत नाव घालताना गुरुजींना तारीख विचारली आणि गुरुजींनी आपल्या सोयीची घातली. त्यामुळे निम्मे लोक एकतीस मेला, ऐन सुट्टीत निवृत्त होतात. हार-नारळ एप्रिलमध्येच होऊन जातो. खऱ्या शेवटच्या दिवशी शाळेत चिटपाखरू नसतं. जे काही असतं ते पोस्टमध्येच.

पोस्टचा साचा ठरलेला. पहिला परिच्छेद संस्थेला, म्हणजे आप्पासाहेबांना. शेवटचा परिच्छेद 'काही चुकलंमाकलं असल्यास मोठ्या मनानं क्षमा करावी'. आणि मधला परिच्छेद आठवणींचा, जो कुणी वाचत नाही. मोबाइलवर चार ओळी दिसतात, मग 'अधिक वाचा' येतं आणि तिथं माणसाचा अंगठा थांबतो. हे मी अंदाजानं म्हणत नाही. चित्रकलेच्या कुलकर्णी सरांची पोस्ट करताना माझ्याकडून आधीच्या वर्षीच्या क्रीडाशिक्षकांचा मधला परिच्छेद तसाच राहून गेला होता. कुलकर्णी सरांनी मुलींचा कबड्डी संघ विभागापर्यंत नेला असं त्यात होतं. कुलकर्णी सरांना जिना चढताना दम लागे. ब्याऐंशी जणांनी 'हृदयस्पर्शी' म्हणून लिहिलं. खुद्द कुलकर्णी सरांचा फोन आला की सर, डोळ्यांत पाणी आणलंत.

उत्तरांचीही रीत होती. आधी अध्यक्ष. त्यांचं येईपर्यंत कुणी साधा नमस्कारही टाकायचा नाही. आप्पासाहेबांचं उत्तर दर वेळी तेच असे, "आपल्या प्रत्येक शब्दाशी संस्था सहमत आहे. पुढील आयुष्यास शुभेच्छा." तेही मीच लिहून दिलेलं, नऊ वर्षांपूर्वी. त्यांनी ते फोनमध्ये साठवून ठेवलं होतं. ते पडलं की खालचे सगळे 'सहमत', 'शब्दशः सहमत' म्हणत एकामागं एक येत.

तर त्या दुपारी मी कागद घेऊन लोहार बाईंच्या घरी गेलो. बाई अंगणात सांडगे वाळत घालत होत्या. त्यांनी हात पुसले, कागद घेतला, चष्मा लावून एकदा वाचला, मग दुसऱ्यांदा वाचला. पेपर तपासताना त्या असंच करत.

"यात कौटुंबिक अडचण लिहिलीय सर. ती कुठली?"

मी म्हणालो, ते आपलं लिहायची पद्धत असते.

"नाही, मला कळू दे. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. मुलगा पुण्याला नोकरीला लागला. मिस्टर आपला डबा आपण करतात, कधीकधी माझाही करतात. अडचण सापडली की सही करते."

मग मी त्यांना डोंगरावरच्या शाखेचं सांगितलं. सांगण्याचा सूर असा ठेवला की जणू मी त्यांच्या काळजीपोटी सांगतोय. बाईंनी ऐकून घेतलं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं, हे मला माहीत होतं आणि आप्पासाहेबांनाही.

"तुम्हाला काय वाटतं सर?" त्यांनी विचारलं. "मी करू शकणार नाही असं वाटतं?"

"तसं नाही बाई. शाळेचं निम्मं काम आत्ताही तुम्हीच करता."

हे खरं होतं. संचमान्यतेची, म्हणजे किती मुलांमागं किती शिक्षक याची, माहिती भरायची, दहावीचे फॉर्म, प्रयोगशाळेची नोंदवही, पोषण आहाराचा हिशेब, सगळं बाई करत आणि मुख्याध्यापक म्हणून सही मी करत असे. मला कॉम्प्युटर उघडता येई, बंद करताना बाई लागत.

"मग झालं तर," त्या म्हणाल्या. "कागद राहू दे माझ्याकडे. पाचला जायचंय, तोवर बघते." आणि परत सांडग्यांकडे वळल्या. मला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि लोहार बाईंच्या घरी असं कधी होत नसे.

रात्रभर मला झोप आली नाही असं लिहायला छान वाटलं असतं, पण मी झोपलो. सकाळी मात्र पोस्ट लिहायला बसलो आणि हात चालेना. पहिला परिच्छेद डोळे मिटून झाला. शेवटचाही झाला. मधल्यासाठी विशेषणं शोधू लागलो तर सगळी वाटून संपलेली. शिस्तप्रिय म्हणावं तर मुलं हसतील. विद्यार्थीप्रिय म्हणावं तर मुलं विचारतील, कोण? मनात आलं, आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं लिहिलं, आपलं एक तरी खरं लिहून बघावं. कोण वाचतंय. लाज वाटली म्हणून लिहिलं म्हणा, किंवा वाचणार नाहीत या धीरावर लिहिलं म्हणा.

मधला परिच्छेद असा झाला:

"तेहतीस वर्षांत मी अंदाजे पाच हजार मुलांना व्याकरण शिकवलं, त्यातल्या किती जणांना आलं याची चौकशी मी मुद्दाम केली नाही. पहिली पाच वर्षं मी मारत असे. पुढं हात दुखू लागला म्हणून थांबलो, तत्त्व म्हणून नव्हे. वर्ग आठवी ब मध्ये एकदा मी झोपलो होतो आणि मुलांनी तास संपेपर्यंत गोंगाट केला नाही. शाळेनं मला दिलेला हा सगळ्यांत मोठा मान. गेली दोन वर्षं मुख्याध्यापक म्हणून सह्या माझ्या होत्या, काम श्रीमती सुमन लोहार यांचं होतं. उद्या एक जूनला सेवाज्येष्ठतेप्रमाणे त्याच माझ्याकडून मुख्याध्यापकपदाचा पदभार घेतील. त्यांनी पद नाकारल्याचं कुणी सांगितलं तर ते त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय खरं मानू नये. आता त्यांच्या सह्या आणि त्यांचंच काम, त्यामुळे शाळा बरी चालेल."

बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "हे आप्पासाहेब वाचतील."

"वाचणार नाहीत."

"आणि वाचलंच तर?"

"तर पेन्शन तुझ्या माहेराहून आणू," मी म्हणालो. ती हसली नाही. पण टाकू नका असंही म्हणाली नाही.

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पोस्ट टाकली. वर चार ओळी दिसत होत्या, आप्पासाहेबांचं दूरदर्शी नेतृत्व वगैरे, आणि खाली 'अधिक वाचा'. तीन बाराला उत्तर आलं. आपल्या प्रत्येक शब्दाशी संस्था सहमत आहे. खाली गुलाबाचं फूल आणि जोडलेले हात.

मग रांग लागली. उपाध्यक्ष सहमत. सचिव सहमत. विस्तार अधिकारी शब्दशः सहमत. तीन वीसला रणजित माने सर, "सर, तुमचा प्रत्येक शब्द आम्हाला दीपस्तंभ. पूर्ण सहमत." कुलकर्णी सरांनी लिहिलं, हृदयस्पर्शी. अर्ध्या तासात शंभरावर माणसं लोहार बाईंच्या नेमणुकीशी सहमत होऊन बसली होती आणि त्यातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. असंच राहिलं तर पाचला बाई सही करून मोकळ्या होतील आणि माझा पराक्रम 'अधिक वाचा'च्या खाली गाडला जाईल.

पावणेचारला मोहसीन बागवान नावाच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तो उकरून काढला. हा पोरगा दहावीला मराठीत कसाबसा पास झालेला, पाटबंधारे खात्यात लागलेला. त्यानं लिहिलं, "सर, आठवी ब मध्ये मी होतो. तुम्ही घोरत होता. आणि लोहार बाई हेडमास्तर? अभिनंदन बाई, शाळेचं नशीब उघडलं." मग अंगठे 'अधिक वाचा'वर गेले. लोक परत वर जाऊन वाचू लागले आणि दुसरी रांग लागली, ती बाईंच्या अभिनंदनाची. पोरीच पोरी आल्या, परिचारिका, तलाठी, एक दुबईहून. "बाई, तुमच्यामुळे गणित सुटलं." एका वार्ताहरानं तर बातमीच करून टाकली की संस्थेच्या सहमतीनं नव्या मुख्याध्यापिका जाहीर.

साडेचारला आप्पासाहेबांचा फोन आला.

"हे काय लिहिलंत?"

"तुम्ही वाचलंत का साहेब?"

"मी काय विचारतोय? काढून टाका ते."

"काढतो. पण माझं काढलं तरी तुमची सहमती खाली राहील. ती तुम्हालाच काढावी लागेल. आणि माने सरांची त्यांना."

त्यांनी फोनवर हात धरला. मग दबक्या आवाजात कुणाशीतरी बोलणं, बहुधा जावयाशी, कारण त्यात एक शिवी होती. मग ते म्हणाले, "तेहतीस वर्षं तुम्हाला साधा माणूस समजत होतो," आणि फोन ठेवला.

पाचला बाई ऑफिसला गेल्या तेव्हा टेबलावर पेढे होते. फोटो आप्पासाहेबांनी स्वतःच ग्रुपवर टाकला, ते बाईंना पेढा देतायत आणि माने सर बाजूला टाळ्या वाजवतायत. "महिलांना संधी देणं हे आमच्या संस्थेचं ब्रीद." हे वाक्य मात्र मी लिहून दिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत पदभार दिला. मोकळी शाळा, व्हरांड्यात कुत्रं झोपलेलं. जनरल रजिस्टर, सेवापुस्तकं, शिक्के, कपाटांच्या आठ किल्ल्या. एकेक वस्तू यादीवर टिक करत बाई घेत होत्या. आठवी किल्ली कुठल्या कपाटाची हे मला तेहतीस वर्षांत कळलेलं नव्हतं, त्यांनी पाच मिनिटांत शोधून काढलं. मी वाट बघत होतो की बाई आता काहीतरी म्हणतील. आभार वगैरे. उपकार कशाचे बाई, हे माझं उत्तरही तयार होतं.

शेवटी मीच म्हणालो, "काल वेळेवर झालं म्हणायचं. नाहीतर पाचला तुमची अवघड परिस्थिती होती."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मी काल सकाळी सातच्या एस. टी. नं जिल्ह्याला गेले होते सर. शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात. लेखी देऊन आले की मी पद स्वीकारायला तयार आहे, माझ्या नावानं नकार आला तर तो माझा समजू नये. आवक नंबर घेऊनच परत आले. तुमची पोस्ट मी परतताना गाडीत वाचली."

मी खुर्चीत बसलो. खुर्ची आता त्यांची होती हे बसल्यावर लक्षात आलं.

"म्हणजे माझी पोस्ट..."

"छान होती. प्रवासात बरं वाटलं."

थोडा वेळ त्या यादी बघत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "तो कच्चा मजकूर मी जोडला होता अर्जाला. पुरावा म्हणून. शिक्षणाधिकारी साहेबांनी विचारलं, हे लिहिलंय कुणी? दबाव आणणाऱ्याचं नाव घ्या, चौकशी लावतो."

निवृत्तीच्या दिवशी चौकशी लागली असती तर पेन्शन तर सोडाच, तेहतीस वर्षांचं नावही गेलं असतं.

"मग?" मी विचारलं.

"मी म्हटलं, अक्षर ओळखीचं नाही."

अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी व्हरांड्यातल्या फळ्यावर मी सुविचार लिहीत असे आणि बाई त्याच्याखालून वर्गावर जात असत. मी खाली बघत पदभार देणाऱ्याच्या रेघेवर सही केली. त्यांनी घेणाऱ्याच्या रेघेवर केली, शिक्का मारला आणि एक प्रत मला दिली. आप्पासाहेबांनी माझं प्रकरण पुढं दोन महिने लटकावून ठेवलं, तेही बाईंनीच तीन वेळा स्मरणपत्रं पाठवून सोडवलं.

याला सहा वर्षं झाली. बाईही निवृत्त झाल्या. लग्नाकार्यात भेटणारे लोक मला अजून धरून म्हणतात, सर, तुमच्या एका पोस्टनं बाईंना खुर्ची मिळाली, अशी हिंमत लागते. बाई शेजारी असल्या तर ताटाकडे बघत हसतात. मी नको नको म्हणतो, आणि पूर्ण ऐकून घेतो.